शेवटचा ट्रक किती तासांनी पोचेल?

जुलै २०२१ मध्ये चार-पाच दिवसांत चिपळूण, कोल्हापूर आणि सांगली या तिन्ही भागांत पाणी शिरलं. वाशिष्ठीनं चिपळूणची बाजारपेठ बुडवली. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. शिरोळ तालुका तर कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांच्या वेढ्यातला, त्यामुळे तिकडे जाणारा जवळपास प्रत्येक रस्ता कुठला तरी पूल ओलांडूनच जातो. अशा वेळी पिण्याचं पाणी, औषधं, कोरडा शिधा पाठवायचा तर डिझेल किती जळेल हा प्रश्न मागे पडतो. विचारायचं असतं ते एवढंच, की मदतीचा शेवटचा ट्रक किती तासांनी पोचेल?

या प्रश्नाचं एक नेमकं गणित आहे. ते कागद-पेन्सिलनं सोडवता येतं आणि त्याची रीत फार देखणी आहे. ती एका उदाहरणातूनच पाहू. ठिकाणं खरी आहेत, ट्रकांचे आणि तासांचे आकडे मात्र समजावण्यासाठी मी घेतलेले आहेत.

तीन गोदामांत माल भरून ट्रक उभे आहेत: पुण्यात ४०, साताऱ्यात २५, सोलापुरात ३५. चार ठिकाणी त्यांची गरज आहे: सांगलीला ३०, शिरोळला २५, कोल्हापूरला २५, चिपळूणला २०. दोन्हीकडची बेरीज १००. पाणी, वळसे आणि बंद पूल लक्षात घेऊन प्रत्येक गोदामापासून प्रत्येक ठिकाणी पोचायला लागणारे तास असे आहेत:

| | सांगली (३०) | शिरोळ (२५) | कोल्हापूर (२५) | चिपळूण (२०) |
|---|---|---|---|---|
| पुणे (४०) | ८ | १२ | १० | ९ |
| सातारा (२५) | ४ | ९ | ६ | ५ |
| सोलापूर (३५) | ६ | ११ | १३ | १५ |

सगळे ट्रक एकाच वेळी सुटतात आणि प्रत्येक ट्रक एकच खेप करतो. कुठून कुठे किती ट्रक पाठवायचे, हे आपण ठरवायचं.

कॉमर्स, एमबीए किंवा इंजिनीअरिंगला ज्यांनी ऑपरेशन्स रिसर्च घेतलं असेल, त्यांना हा तक्ता ओळखीचा वाटेल. हिचकॉक यांनी १९४१ मध्ये मांडलेला वाहतुकीचा प्रश्न दिसायला असाच असतो. फरक इतकाच की तिथे चौकटीतला आकडा भाड्याचा असतो आणि एकूण भाडं कमीत कमी करायचं असतं. भाड्याच्या जागी तास लिहून तीच रीत इथे चालवली, तर ती एकूण ट्रक-तास कमी करते. आपल्या तक्त्यावर ती चालवली की अशी योजना मिळते: पुण्याहून शिरोळला २० आणि कोल्हापूरला २०, साताऱ्याहून कोल्हापूरला ५ आणि चिपळूणला २०, सोलापुराहून सांगलीला ३० आणि शिरोळला ५. एकूण ८०५ ट्रक-तास. याहून कमी होत नाहीत.

पण या योजनेत पुण्याहून शिरोळला जाणारे वीस ट्रक बारा तासांनी पोचतात. आपण विचारलं होतं शेवटच्या ट्रकाबद्दल आणि उत्तर मिळालं बेरजेचं. बेरीज कमी ठेवण्यासाठी ही रीत एखादा लांबचा रस्ता खुशाल वापरते, कारण त्याचा तोटा दुसरीकडच्या फायद्यात वळता होतो. पुरात अडकलेल्या शिरोळच्या माणसाला चिपळूणचे वाचलेले तास उपयोगी नसतात.

म्हणून कसोटी बदलायची. ज्या रस्त्यांवर प्रत्यक्षात एक तरी ट्रक जातो, त्यांपैकी सर्वांत लांबणारा रस्ता पाहायचा, आणि तो आकडा कमीत कमी करायचा. इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली, रस्त्यावर एक ट्रक गेला काय आणि वीस गेले काय, वेळ तीच धरली जाते. दुसरी, ज्या रस्त्यावर शून्य ट्रक जातात त्याची वेळ अजिबात मोजायची नाही. सोलापूर ते चिपळूण पंधरा तास आहेत, पण तिकडे कोणी जात नसेल तर त्या पंधराशी आपला संबंध नाही. या दुसऱ्या गोष्टीमुळे नेहमीचं बेरजेचं गणित थेट लागू पडत नाही. शून्य ट्रकांवरून एक ट्रक झाला की मोजमाप एकदम उडी मारतं, आणि एकावरून वीस झाले तरी जागचं हलत नाही. हाताने सोडवताना विद्यार्थी इथे हमखास चुकतात. भाड्याच्या रीतीत कधी कधी एखाद्या चौकटीत मुद्दाम शून्य लिहून ती भरलेली धरावी लागते, आणि मग तिची वेळही शेवटच्या उत्तरात मोजली जाते. ती मोजायची नसते.

आता मूळ युक्ती. उत्तर काहीही येवो, ते या तक्त्यातल्याच एखाद्या आकड्याएवढं असणार, कारण शेवटचा ट्रक कुठल्या तरी रस्त्यानंच येणार. तक्त्यात वेगवेगळे आकडे दहाच आहेत: ४, ५, ६, ८, ९, १०, ११, १२, १३, १५. म्हणजे दहांपैकी एक निवडायचा. मग ‘सर्वांत लवकर किती तासांत?’ हा अवघड प्रश्न सोडून आपण सोपा प्रश्न विचारू शकतो: अमुक तासांच्या मुदतीत सगळं पोचवता येईल का? मुदतीपेक्षा लांबचे सगळे रस्ते बंद समजायचे, उरलेल्या रस्त्यांवर शंभरच्या शंभर ट्रक बसतात का ते पाहायचं. उत्तर हो किंवा नाही. मुदत वाढवली की नवे रस्ते उघडतात, जुना एकही बंद होत नाही. त्यामुळे एखाद्या मुदतीला ‘हो’ आलं की त्यापुढच्या सगळ्यांना ‘हो’ असतं, आणि ‘नाही’ आलं की त्याआधीच्या सगळ्यांना ‘नाही’. जिथे ‘नाही’चं ‘हो’ होतं, ती मुदत म्हणजे आपलं उत्तर.

सुरुवातीच्या बऱ्याच मुदती चाचणी न करताच निघून जातात. शिरोळला सर्वांत लवकर कोण पोचतं? सातारा, नऊ तासांत. म्हणजे नऊच्या आतली कुठलीही मुदत लावली तर शिरोळला एकही ट्रक पोचत नाही. ४, ५, ६ आणि ८ बाद. असाच विचार गोदामाच्या बाजूनंही करायचा: पुण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आठ तासांचा आहे, त्यामुळे पुण्याचे ट्रक आठच्या आत कुठेच लागत नाहीत. दोन्ही बाजूंचे असे आकडे काढून त्यातला सर्वांत मोठा घेतला की खालची हद्द मिळते. इथे ती नऊ आहे.

उरले ९, १०, ११, १२, १३, १५. मधला घेऊ: अकरा.

अकराच्या मुदतीत पुण्याला सांगली, कोल्हापूर आणि चिपळूण उघडी आहेत. साताऱ्याला चारही ठिकाणं. सोलापूरला सांगली आणि शिरोळ. समजा एखाद्यानं हाताला येईल तसं भरायला घेतलं. पुण्याहून सांगलीची सगळी गरज भागवली, ३०. पुण्याचे उरलेले १० कोल्हापूरला. कोल्हापूरला अजून १५ हवेत, ते साताऱ्याहून. साताऱ्याचे उरलेले १० चिपळूणला. सोलापुराहून शिरोळला २५. आता चिपळूणला दहा ट्रक कमी आहेत आणि दहा ट्रक सोलापुरात उभे आहेत. पण सोलापूर ते चिपळूण रस्ता बंद. नव्वदवर गाडी अडली.

इथे ‘अकरा तासांत जमत नाही’ असं म्हणून मोकळं होणं ही या गणितातली सर्वांत घातक चूक आहे. अडलं ते आपलं भरणं. मुदत खरंच अपुरी आहे की नाही, हे अजून कळलेलं नाही. ते कळण्याची पद्धत अशी.

ज्या गोदामात ट्रक उरलेत तिथून निघायचं. सोलापुरात दहा उरलेत, म्हणून सोलापूरवर खूण करायची. सोलापुराहून उघड्या रस्त्यानं कुठे जाता येतं? शिरोळ आणि सांगली. दोन्हींवर खूण. आता उलट्या दिशेनं पाहायचं: या ठिकाणी सध्या दुसरं कोण ट्रक पाठवतंय? सांगलीला पुणे तीस ट्रक पाठवतंय. सोलापूरनं सांगलीचे काही ट्रक आपल्या अंगावर घेतले तर पुण्याचे तेवढे मोकळे होतील, म्हणून पुण्यावर खूण. पुण्याहून कुठे जाता येतं? चिपळूणला, आणि तिथे तर गरज शिल्लक आहे. वाट सापडली. सोलापुराहून दहा ट्रक सांगलीला, सांगलीला जाणारे पुण्याचे दहा तिथून काढून चिपळूणला. कुणाचं काही कमी झालं नाही आणि नव्वदचे शंभर झाले.

अकरा तासांच्या मुदतीला उत्तर ‘हो’. म्हणजे १२, १३ आणि १५ पाहायची गरजच नाही. उरले नऊ आणि दहा. त्यातला दहा आधी पाहू, कारण तिथे ‘नाही’ आलं तर नऊ आपोआप बाद होईल.

दहाच्या मुदतीत सोलापूर-शिरोळ रस्ता बंद होतो, बाकी सगळं तसंच राहतं. भरू: सोलापुराहून सांगलीला ३०. साताऱ्याहून शिरोळला २५, कारण आता शिरोळला साताऱ्याशिवाय कोणी नाही. पुण्याहून कोल्हापूरला २५ आणि उरलेले १५ चिपळूणला. पंच्याण्णव झाले. सोलापुरात पाच उभे, चिपळूणला पाच कमी. पुन्हा खुणा करू. सोलापूरवर खूण. तिथून फक्त सांगलीला जाता येतं, म्हणून सांगलीवर खूण. सांगलीला सोलापूरशिवाय कोण पाठवतंय? कोणीच नाही. खुणा इथेच थांबल्या, गरज शिल्लक असलेल्या चिपळूणपर्यंत पोचल्याच नाहीत.

हे थांबणं नव्वदवर अडण्यासारखं नाही. खुणा जिथे थांबतात तिथे पुरावा असतो. खूण झालेली मंडळी पाहा: गोदामांत सोलापूर, ठिकाणांत सांगली. म्हणजे दहाच्या मुदतीत सोलापूरचे ट्रक फक्त सांगलीला जाऊ शकतात, आणि सांगलीला तीसच लागतात. सोलापुरात तर पस्तीस आहेत. मालाची आणि गरजेची बेरीज सारखी असताना पाच ट्रक जागेवर राहणार याचा अर्थ कुठे तरी पाच कमी पडणारच, मग बाकीचं कितीही हुशारीनं भरा. ‘दहा तासांत का नाही?’ असं कुणी विचारलं तर हे एक वाक्य पुरे. तक्ता समोर नसलेल्या माणसालाही ते पटतं, आणि मला या रीतीत सर्वांत जास्त आवडतं ते हेच. ‘हो’ आलं तर हातात योजना असते. ‘नाही’ आलं तर हातात कारण असतं. फोर्ड आणि फुल्कर्सन यांनी १९५६ मध्ये जाळ्यातून जास्तीत जास्त किती प्रवाह नेता येतो याचं जे प्रमेय मांडलं, त्याचंच हे रूप आहे. भरणं जिथे खरोखर संपतं, तिथे त्याला अडवणारी कोंडीही नेमकी सापडते.

नऊसाठी अशीच कोंडी नजरेनंच दिसते. शिरोळ आणि कोल्हापूर दोघांनाही नऊ तासांत फक्त सातारा पोचतं. दोघांची गरज मिळून पन्नास, साताऱ्यात पंचवीस. एकेकटं पाहिलं तर प्रत्येकाला सातारा पुरतो, म्हणूनच खालची हद्द काढताना हे कळलं नाही. दोघं मिळून पाहिल्यावर कळतं.

तर उत्तर अकरा तास. हद्द काढल्यावर दोन चाचण्यांत मिळालं.

तक्ता मोठा असला तर ही मधून कापत जाण्याची पद्धत फार वाचवते. वीस गोदामं आणि पन्नास ठिकाणं घेतली तर हजार चौकटी होतात. सगळे आकडे वेगळे असले तरी दर चाचणीला यादी निम्मी होते, त्यामुळे दहा चाचण्यांत काम संपतं. खालून एकेक पायरी चढण्यातही एक फायदा आहे. दहाच्या मुदतीत जे पंच्याण्णव बसवले होते ते अकराच्या मुदतीतही चालतात, कारण तेवढे रस्ते उघडेच असतात. नव्यानं उघडलेल्या सोलापूर-शिरोळ रस्त्यावरून फक्त उरलेले पाच मार्गी लावायचे. हद्द आणि उत्तर जवळ असतील असं वाटलं तर मी चढत जाणं पसंत करतो, नाही तर मधून कापतो.

वेळेची ही कसोटी हॅमर यांनी १९६९ मध्ये मांडली, आणि १९७१ मध्ये गारफिंकेल आणि राव यांनी मुदत लावून प्रवाह तपासण्याची रीत नीट बसवली. आपल्याकडच्या ऑपरेशन्स रिसर्चच्या वर्गांत हा भाग भाड्याच्या प्रश्नानंतर घाईघाईनं उरकला जातो. शिकवतात तेव्हाही बहुधा चौकटींत फेरे मारून सर्वांत मोठी वेळ हटवत नेण्याची रीत शिकवतात. ती बरोबर आहे, पण शेवटी ‘आता पुढे हटत नाही’ एवढंच कळतं. का हटत नाही, ते कोंडीतून कळतं.

आणि ते ‘का’ फार उपयोगाचं आहे. समजा प्रशासनाला एकाच गोष्टीवर जोर लावता येणार आहे. तक्ता पाहून कुणीही म्हणेल की पुणे-शिरोळ बारा तास लागतात, तो रस्ता मोकळा करा. समजा जिवाचं रान करून तो बारावरून आठ तासांवर आणला. उत्तर अकराच राहतं. कारण दहाच्या मुदतीची कोंडी सोलापूरची आहे, आणि पुणे-शिरोळ रस्ता कितीही जलद झाला तरी सोलापूरचे ट्रक सांगलीपलीकडे जात नाहीत. कोंडी सुटण्याचे मार्ग दोनच. सोलापुरातून दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी दहा तासांत पोचता आलं पाहिजे, किंवा सोलापुरातला माल मुळातच कमी पाहिजे. पावसाळ्यापूर्वी सोलापूरऐवजी पुण्यात पाच ट्रकांचा माल ठेवला असता, तर पुणे ४५, सोलापूर ३० होतं. मग दहा तासांत सोलापूर सांगलीचे तीस भागवतं, सातारा शिरोळचे पंचवीस, आणि पुणे कोल्हापूरचे पंचवीस व चिपळूणचे वीस. शंभर झाले. कुठलाही रस्ता न सुधारता एक तास वाचतो.

अजून एक बाब उरते. अकरा तासांच्या योजना अनेक आहेत, आणि मुदतीची चाचणी त्यांत भेद करत नाही. नव्वदवर अडलेली योजना दुरुस्त केल्यावर सोलापूरचे पंचवीस ट्रक शिरोळला अकरा तासांनी पोचत होते, म्हणजे शिरोळला त्याआधी काहीच मिळत नव्हतं. याउलट दहाच्या मुदतीतल्या पंच्याण्णव ट्रकांवरून पुढे गेलो तर? सोलापूरचे पाच शिरोळला, साताऱ्याचे पाच शिरोळऐवजी चिपळूणला. शंभर पूर्ण, आणि अकरा तास लागणारे ट्रक फक्त पाच. शिरोळचे बाकीचे वीस साताऱ्याहून नऊ तासांत येतात. दोन्ही योजनांत शेवटचा ट्रक अकरा तासांनीच येतो, आणि या उदाहरणात दोन्हींचे एकूण ट्रक-तासही सारखेच, ८२५. तरी शिरोळच्या दृष्टीनं त्या अगदी वेगळ्या आहेत.

पाचपेक्षा कमी ट्रक अकरा तासांच्या रस्त्यावर टाकता येतील का? नाही, कारण दहाच्या मुदतीत पंच्याण्णवहून जास्त बसतच नाहीत. आधीच्या मुदतीत जेवढे कमी पडले, तेवढे तरी ट्रक शेवटच्या रस्त्यावर जाणारच. मोठ्या तक्त्यात कधी त्याहून जास्तही लागतात, कारण पाच ट्रकांची वाट मोकळी करताना नव्यानं उघडलेले दोन रस्ते एकदम वापरावे लागू शकतात. म्हणून हा आकडा खालची हद्द समजायचा आणि तेवढ्यात भागतं का ते तपासायचं. मग हे पाच कायम धरून एक पायरी खाली उतरायचं: दहा तासांनी पोचणारे कमीत कमी किती? सध्या पुण्याहून कोल्हापूरला पंचवीस जातायत. साताऱ्याचे जे पाच चिपळूणला दिले ते कोल्हापूरला दिले, आणि पुण्याचे पाच कोल्हापूरऐवजी चिपळूणला वळवले, तर दहा तासांचे ट्रक वीसवर येतात. साताऱ्याकडे शिरोळचे वीस सोडून पाचच उरतात, त्यामुळे वीसच्या खाली जाता येत नाही. अंतिम योजना अशी: सोलापुराहून सांगलीला ३०, शिरोळला ५. साताऱ्याहून शिरोळला २०, कोल्हापूरला ५. पुण्याहून कोल्हापूरला २०, चिपळूणला २०. आधीच्या ८०५ ट्रक-तासांऐवजी ८२५ लागले. शेवटच्या ट्रकाचा एक तास वाचवण्याची ती किंमत आहे, आणि ती द्यायची की नाही हे मालाच्या प्रकारावर ठरतं. औषधं आणि पाणी असेल तर मी ती एका पायावर देईन. वीटा आणि पत्रे असतील तर देणार नाही.

ही रीत कुठे लंगडी पडते तेही सांगायला हवं. रस्त्याला लागणारा वेळ ट्रकांच्या संख्येवर अवलंबून नाही, असं तिनं गृहीत धरलंय. गोदामाला ट्रक भरायची एकच जागा असेल आणि दर ट्रकाला वीस मिनिटं लागत असतील, तर पुण्याचा चाळिसावा ट्रक पहिल्यानंतर तब्बल तेरा तासांनी सुटेल. मग तक्त्यातले तास जवळपास निरर्थक होतात, आणि खरी कोंडी रस्त्यात नसून फलाटावर असते. एका ट्रकानं दोन खेपा करायच्या असतील तरीही हा तक्ता पुरत नाही. मालच गरजेपेक्षा जास्त असेल तर मात्र अडचण नाही. जास्तीच्या मालासाठी शून्य तासांचं एक कागदी ठिकाण जोडायचं, म्हणजे ते प्रत्येक मुदतीत उघडं राहतं आणि चाचण्या आहेत तशाच चालतात. माल कमी असेल तर कुणाचं किती कापायचं हे आधी माणसांनी ठरवावं लागतं. ते गणितावर सोडू नये.

पुरात सर्वांत कच्चा असतो तो तासांचा अंदाज. पूल खुला म्हणता म्हणता बंद होतो. न वापरलेला रस्ता बंद झाला तर योजना आणि उत्तर दोन्ही जसेच्या तसे राहतात, पुन्हा तपासायला नको. वापरातला रस्ता बंद झाला तर तेवढेच ट्रक काढून घ्यायचे आणि उरलेल्यांवरून खुणांची वाट पुन्हा शोधायची. समजा दरड कोसळून पुणे-चिपळूण रस्ता बंद झाला आणि आपले वीस ट्रक अजून पुण्यातच आहेत, बाकीचेही कुठले सुटलेले नाहीत. चिपळूणला आता साताऱ्यानंच वीस द्यायचे. त्याचे उरलेले पाच शिरोळला. पुणे कोल्हापूरला पंचवीस आणि सांगलीला पंधरा देतं. सोलापूर सांगलीला पंधरा आणि शिरोळला वीस. शंभर बसतात, अकरा तासांचं उत्तर टिकतं. फक्त अकरा तासांनी पोचणारे ट्रक पाचाचे वीस होतात, आणि ते सगळे शिरोळच्या वाटेवर असतात.